टाकीत उणे चार सेंटिमीटर पाणी

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचं ब्लॅक बुक उघडलं की शेवटच्या पानांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘या प्रकल्पामुळे आम्हाला टीमवर्कचे महत्त्व समजले.’ ज्या चौघांच्या नावाने ते छापलेलं असतं, त्यांतले दोघे त्या आठवड्यात एकमेकांशी बोलत नसतात, तिसऱ्याचा फोन लागत नसतो आणि चौथी पहाटेपर्यंत अनुक्रमणिकेची पानं जुळवत बसलेली असते.

हे वाक्य आता सगळीकडे चालत नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या मराठी मुलांना गटप्रकल्पानंतर प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचा निबंध पहिल्या सत्रातच भेटतो. गटात काय घडलं, तुम्ही कसे वागलात, पुढे काय बदलाल, असं त्यात विचारलेलं असतं आणि त्याला गुण असतात. आपल्याकडेही एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने अनुभवावर विचार करून लिहिणं आलं आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मानांकनात ‘व्यक्ती म्हणून आणि गटात काम करण्याची क्षमता’ तपासायची असते, त्यामुळे तिथेही अशी पानं मागितली जाऊ लागली आहेत. ती लिहायची कशी, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. मग मुलं एक तर सगळ्यांचं कौतुक करतात किंवा शिल्लक राहिलेला राग काढतात.

एक काल्पनिक पण कुठल्याही कॉलेजात घडू शकेल असा गट घेऊ. कॉम्प्युटर शाखेचं तिसरं वर्ष, तीन मुलगे आणि एक मुलगी. प्रोजेक्ट साधा आहे: हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते मोबाइलवर दिसावं आणि टाकी भरत आली की सूचना यावी. टाकीच्या झाकणाला खालच्या बाजूने एक सेन्सर लावायचा. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून पाण्यापर्यंतचं अंतर निघतं. झाकणापासून तळ दीडशे सेंटिमीटर खोल, म्हणजे दीडशेतून ते अंतर वजा केलं की पाण्याची उंची मिळाली.

सुरुवातीला मुलांनी सर्वांत स्वस्त आणि सर्रास मिळणारा सेन्सर लावला, एचसी-एसआर०४. चार-पाच दिवसांत आकडे उड्या मारू लागले. बंद टाकीतली वाफ सेन्सरच्या उघड्या जाळीवर जमत होती. हार्डवेअर बघणारा मुलगा म्हणाला, वॉटरप्रूफ सेन्सर घेऊ या. गटप्रमुख म्हणाला, दोष आकडे गाळणाऱ्या कोडमध्ये आहे, मी बघतो. दोन आठवडे गेले. शेवटी वॉटरप्रूफ सेन्सर आला, तर त्याची वेगळीच अडचण निघाली: साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या आत काही आलं तर त्याला ते धड मोजता येत नाही. टाकी पूर्ण भरली की पाणी झाकणाखाली तेरा सेंटिमीटरवर येतं. म्हणजे ज्या क्षणी सूचना हवी, नेमका त्याच क्षणी सेन्सर आंधळा. हार्डवेअरवाल्याने झाकणावर रुंद पाइपाचा तुकडा बसवून सेन्सर बारा सेंटिमीटर वर उचलला आणि कोडमधला दीडशेचा आकडा बदलून एकशे बासष्ट केला.

रिव्ह्यूच्या आदल्या रात्री गटप्रमुखाने ‘जरा नीट करतो’ म्हणून सगळं कोड नव्याने लिहिलं आणि कुणालाही न सांगता चढवलं. त्यात दीडशे परत आले. दुसऱ्या दिवशी गाइडसमोर टाकीत जेमतेम आठ सेंटिमीटर पाणी होतं. सेन्सरपासून अंतर एकशे चोपन्न. दीडशेतून एकशे चोपन्न गेले आणि पडद्यावर आकडा उमटला: उणे चार. सर हसले. गटप्रमुख हार्डवेअरवाल्याकडे वळून म्हणाला, “याला काम दिलं की असंच होतं.”

आता निबंध या गटप्रमुखाला लिहायचा आहे.

त्याचा पहिला मसुदा कसा असेल, हे असे निबंध तपासणारा कुणीही शिक्षक न वाचता सांगेल. ‘गटात काही मतभेद झाले, परंतु संवादातून ते मिटवण्यात आले. काही सदस्यांचे योगदान अपेक्षेप्रमाणे नव्हते. माझी कमतरता म्हणजे मी कामाच्या दर्जाबाबत फार आग्रही असतो व सगळी जबाबदारी स्वतःवर घेतो.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत लबाड आहे. दोष सांगतोय असं दाखवत ते स्वतःचीच पाठ थोपटतं. ‘मी फार मन लावून काम करतो’ हा दोष नोकरीच्या मुलाखतीत खपतो. तपासणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या मुलाने घडलेल्या कुठल्याही प्रसंगाकडे अजून पाहिलेलं नाही. मसुद्यातल्या ‘मतभेद झाले’, ‘मिटवण्यात आले’ या कर्ता लपवणाऱ्या रचनाही बघण्यासारख्या आहेत. मतभेद कुणी केले? मिटवले कुणी? खरं तर मिटलेच नव्हते.

मुलगा खोटं बोलतोय असं मात्र समजू नये. त्याला मनापासून असंच वाटत असतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ साली हा प्रकार मोजून दाखवला. त्यांनी सदतीस जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. नवरा-बायकोची उत्तरं एकत्र केली तर बहुतेक घरांत बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. इथवर कुणालाच नवल वाटणार नाही. पण यादीत भांडण उकरून काढण्यासारख्या नकोशा गोष्टीही होत्या आणि तिथेही लोकांनी आपला वाटा वाढवूनच सांगितला. म्हणजे हा निव्वळ आत्मप्रौढीचा खेळ नाही. स्वतः केलेलं आठवतं, कारण ते करताना आपण तिथे असतो. दुसऱ्याने एकट्याने गच्चीवर जाऊन पाइप कापला, ते आपण पाहिलेलंच नसतं.

यावर उपाय साधा आणि थोडा कंटाळवाणा आहे: आठवणीवरून लिहायला बसायचं नाही. आधी कागदपत्रं काढायची. कॉलेजातल्या गटाकडे ती भरपूर असतात. व्हॉट्सअॅपचा ग्रुप असतो, गाइडच्या सह्यांची डायरी असते, सामानाच्या पावत्या असतात. कोड गिटवर ठेवलं असेल तर कुणी कधी काय बदललं, याची तारीखवार नोंद एका ओळीत समोर येते:

```
git log --date=iso --pretty=format:"%ad %an %s"
```

या गटप्रमुखाने ती ओळ चालवली तर त्याला दोन गोष्टी दिसतील. पहिली त्याला आवडेल: चार नोंदींतल्या तीन त्याच्या नावावर आहेत. इथे थांबायचा मोह फार मोठा असतो, आणि अनेक निबंधांत हाच आकडा ‘माझे योगदान’ म्हणून चिकटवलेला असतो. पण गिटला पाइप कापलेला दिसत नाही. साठ पानांचा अहवालही दिसत नाही. ज्याच्या हाती कळफलक, त्याचंच काम त्यात उमटतं. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. हार्डवेअरवाल्याच्या नावावर एक छोटी नोंद आहे, तिच्यासमोर लिहिलंय ‘सेन्सर वर घेतला, उंची १६२’. तिच्या तीन दिवसांनंतर रात्री पावणेदोनला स्वतः गटप्रमुखाची मोठी नोंद आहे. तिच्यासमोर लिहिलंय ‘क्लीनअप’.

ग्रुप वाचतानाही एक शिस्त पाळलेली बरी. आधी फक्त स्वतःचे मेसेज वाचायचे. दुसऱ्यांचे वाचू लागलं की पुरावे गोळा करायचा उत्साह चढतो. स्वतःचे सलग वाचले की वेगळंच चित्र दिसतं. ‘झालं का?’ ‘कधी होणार?’ ‘मीच करतो’. वॉटरप्रूफ सेन्सरच्या सूचनेवर अंगठ्याचं चिन्हसुद्धा नाही, उत्तर आलं ते दोन दिवसांनी आणि तेही दुसऱ्याच विषयावर.

आता तोच प्रसंग परत लिहिला तर असा होईल: ‘रिव्ह्यूच्या आदल्या रात्री मी कोड नव्याने लिहिले. १६२ हा आकडा का आहे, हे मला माहीत नव्हते, कारण पाइप बसवला त्या दिवशी मी गच्चीवर गेलो नव्हतो आणि नोंदही वाचली नव्हती. मला तो चुकीचा वाटला. विचारायला फोन करता आला असता. केला नाही, कारण दोन आठवड्यांपूर्वी सेन्सरबाबत त्याचे बरोबर निघाले होते आणि पुन्हा त्याच्याकडे विचारायला जाणे मला जड गेले. दुसऱ्या दिवशी आकडा चुकला तेव्हा कारण माझ्या लक्षात आले होते. तरीही सरांसमोर मी त्याचे नाव घेतले.’

या परिच्छेदात ‘मी चुकलो’ असं कुठेही म्हटलेलं नाही, माफी नाही, विशेषणही जवळपास नाही. वेळ आहे, आकडा आहे, न केलेला फोन आहे आणि तो न करण्याचं कारण आहे. या कारणापाशीच बहुतेक निबंध मागे फिरतात. ‘संवादाचा अभाव होता’ एवढंच लिहिलं की प्रसंग हवेत विरतो. गटात दिवसाला पन्नास मेसेज पडत होते, अभाव कसला? विचारायचं टाळलं होतं, आणि टाळण्यामागे मानापमान होता.

प्रामाणिक लिहायचं म्हणजे सगळा दोष आपल्या डोक्यावर ओढून घ्यायचा, असाही एक गैरसमज असतो. तोही खोटेपणाच. वॉटरप्रूफ सेन्सरला पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं आणि तो सुचवणाऱ्याने ते वाचायला हवं होतं. त्याने वाचलं नाही, त्यात चार दिवस गेले. निबंधात हे यायला हवं. फक्त ते आपल्या कृत्याच्या शेजारी ठेवायचं, त्याच मापाने: काय झालं, किती वेळ गेला. ‘तो निष्काळजी आहे’ हा त्याच्या स्वभावावरचा शेरा झाला. ‘त्याने माहितीपत्रक पाहिले नव्हते, मीही पाहायला मागितले नाही’ ही घटना झाली, आणि तिची शहानिशा होऊ शकते.

चौथ्या सदस्याचं प्रकरण जास्त अवघड. तो पाच बैठकांना आला नाही. प्रत्येक गटात असा एक असतो असं म्हणतात आणि त्याच्यासाठी कॉलेजागणिक वेगवेगळे शब्दही असतात, सगळे छापण्यासारखे नाहीत. गटात माणसं ढिली पडतात, ही गोष्ट संशोधकांनाही जुनीच आहे. माक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. माणसं वाढवत नेली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर घटत गेला. १९१३मध्ये हे निष्कर्ष छापताना रिंगेलमानने घट मुख्यतः ताळमेळाच्या खात्यावर टाकली: सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, म्हणून जोर वाया जातो.

आळसाचा वाटा किती, हे वेगळं काढायला बरीच वर्षं गेली. १९७४मध्ये अॅलन इंगम आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला वाटायचं की आपल्या मागे आणखी काही जण ओढताहेत. प्रत्यक्षात ते ओढण्याचं नुसतं सोंग करायचे. दोर ओढणारा एकच, म्हणजे ताळमेळ चुकायचा प्रश्नच नाही. तरीही त्याचा जोर कमी भरला. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत: काही जोर माणूस स्वतः कमी लावतो आणि काही जुळवणीत वाया जातो.

निबंध लिहिणाऱ्याने हीच विभागणी करून पाहायची असते. या गटाच्या बैठका रात्री नऊला हॉस्टेलमध्ये ठरत. तिघांना ते सोयीचं होतं. चौथा गावाहून एसटीने ये-जा करणारा, त्याची शेवटची गाडी साडेसातची. पहिल्या दोन बैठकांच्या वेळी त्याने ‘जमणार नाही’ असं कळवलं, तिसऱ्यापासून कळवणंही सोडलं. वेळ बदलू या, असं ग्रुपवर कुणी म्हटल्याचं दिसत नाही. दुपारची सुट्टी चौघांनाही होती. दुसरीकडे, घरून करता येण्याजोगं मोबाइलच्या पडद्याचं काम त्याने अंगावर घेतलं होतं आणि तेही पोचलं नाही. पहिली गोष्ट गटाच्या रचनेतली, तिची जबाबदारी प्रमुखावर जास्त. दुसरी त्याची स्वतःची. ‘एका सदस्याने सहकार्य केले नाही’ या वाक्यात दोन्ही एकात एक मिसळून जातात आणि वाचणाऱ्याला फक्त दुसरीच दिसते.

परदेशी विद्यापीठांत अशा लेखनासाठी ग्रॅहम गिब्ज यांची १९८८मधली मांडणी फार वापरतात. तिच्या पायऱ्या सहा: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय होतं, त्याची कारणं, निष्कर्ष आणि पुढची कृती. चौकट म्हणून ती ठीक आहे. पण मुलं सहा मथळे टाकतात आणि प्रत्येकाखाली सारख्याच ओळी भरतात, तेव्हा ती फॉर्म भरल्यासारखी होते. हजार शब्दांच्या निबंधात घटनेला दोन-अडीचशे शब्द पुरतात आणि ‘काय वाटलं’ला त्याहून कमी, निम्मी जागा कारणांना द्यावी. राग आला, वाईट वाटलं, दडपण आलं, हे सगळ्यांनाच होतं. त्या रागाने पुढे काय करायला लावलं, एवढाच भाग कामाचा असतो. प्रसंगही एक किंवा दोनच घ्यावेत. सबंध सत्राचा इतिहास सांगू गेलं की प्रत्येक गोष्टीला एकेक ओळ मिळते आणि एकाही गोष्टीच्या मुळापर्यंत जाता येत नाही.

शेवटची पायरी, म्हणजे पुढे काय करणार, तिथे पुन्हा सुविचार उगवतात: ‘यापुढे मी संवाद वाढवीन.’ हे पाळलं की नाही, ते सहा महिन्यांनी कोण सांगणार? त्याऐवजी ‘दुसऱ्याने लिहिलेला आकडा किंवा ओळ बदलण्याआधी त्याला विचारीन, रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर कोड कुणीच बदलायचे नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत मांडीन’ असं लिहिलं, तर पुढच्या वर्षी गिटच्या नोंदी बघून कुणीही पडताळू शकेल.

आणि गुणांचं काय? निबंधाला गुण आहेत हे मुलाला ठाऊक असतं आणि समोर तेच सर असतात, ज्यांच्यासमोर तो बोलला होता. अशा वेळी दोष कबूल करणं हेसुद्धा गुण मिळवायचं तंत्र होऊ शकतं. परदेशात हे लेखन जुनं झाल्यामुळे तिथल्या मुलांना ते तंत्र चांगलंच साधलेलं असतं: एक बेताची चूक, थोडा पश्चात्ताप, मग शहाणपण. शिक्षकाने कबुलीला गुण द्यायला सुरुवात केली की त्याच्याकडे कबुल्यांचा ढीग जमतो. त्यापेक्षा विश्लेषणाला गुण देणं आणि निबंध डायरी व नोंदींशी ताडून पाहणं बरं. मुलांच्या बाजूनेही मर्यादा आहेत. सहकाऱ्यांची नावं न लिहिता ‘हार्डवेअर पाहणारा सदस्य’ असं लिहावं. कुणाच्या घरची अडचण, आजारपण किंवा पैशाची चणचण गटात कळली असेल, तर ती आपल्या निबंधात आणायचा अधिकार आपल्याला नाही. चौथ्याच्या एसटीचा उल्लेख चालेल, कारण बैठकीच्या वेळेशी त्याचा थेट संबंध आहे. तो हॉस्टेलमध्ये का राहत नाही, याचा नाही.

या गटातली मुलगी अजून कुठे आलीच नाही, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. गटप्रमुखाच्या पहिल्या मसुद्यातही ती एकाच ओळीत होती: ‘अहवालाचे काम एका सदस्याने उत्तम सांभाळले.’ वाक्य कौतुकाचं आहे, त्यामुळे त्यात काही खटकत नाही. पण पहिल्याच बैठकीत ‘तुझं इंग्रजी चांगलं आहे’ म्हणून अहवाल आणि स्लाइड्स तिच्याकडे गेल्या होत्या. कोडचा भाग तिने मागितला होता का, ते ग्रुपवर शोधता येतं. मागितला होता, दुसऱ्या आठवड्यात. उत्तर आलं होतं, ‘आधी रिपोर्टचं फॉरमॅट कर, मग बघू.’ व्हायवाला परीक्षकांनी तिला आकडे गाळण्याची पद्धत विचारली. तिला सांगता आली नाही, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत गटप्रमुखाने उत्तर देऊन टाकलं. तेव्हा त्याला वाटलं, आपण तिला सावरलं. गुण मात्र प्रत्येकाच्या उत्तरावर होते.

निबंधात या प्रसंगाला जागा द्यायची, तर काय केलं याबरोबरच काय दिलं नाही, हेही लिहावं लागेल: सत्रभरातल्या कामांची यादी, प्रत्येक काम कुणी वाटलं, आणि ‘मग बघू’ म्हटल्यानंतर ते कधी पाहिलं का.